फिफोमध्ये सुरुवातीचा अर्धवट माल वेगळा धर

प्रक्रिया खर्चलेखनात महिन्याचा दर प्रति नग काढायच्या दोन पद्धती आहेत: भारित सरासरी आणि फिफो, म्हणजे आधी आलेला माल आधी संपला असं धरणं. सातपूरमधल्या एखाद्या पेंट शॉपचं उदाहरण घे. महिन्याच्या सुरुवातीला 400 नग अर्धवट आहेत, त्यांचं 60 टक्के रूपांतरणाचं काम, म्हणजे मजुरी आणि कारखाना खर्च लागणारं काम, गेल्या महिन्यातच झालंय. या महिन्यात 2000 नग पूर्ण झाले, शेवटी 500 नग 40 टक्क्यांवर राहिले.

भारित सरासरीत गेल्या महिन्याचं काम वेगळं काढत नाहीत: 2000 अधिक शेवटच्या 500 चे 40 टक्के म्हणजे 200, एकूण 2200 समतुल्य नग, म्हणजे अर्धवट काम पूर्ण नगांत मोजून आलेला आकडा. फिफोत फक्त या महिन्याचं काम मोजायचं. जुन्या 400 नगांचं उरलेलं 40 टक्के म्हणजे 160, याच महिन्यात सुरू होऊन संपलेले 1600, शेवटचे 200, एकूण 1960. फरक 240 चा, म्हणजे नेमकं जुन्या मालावर आधी झालेलं काम. हा पडताळा दरवेळी करच.

नवशिके खरे अडखळतात ते खर्चात. जुन्या मालावरचा रूपांतरण खर्च 12,000 रुपये, या महिन्याचा 1,07,800. फिफोचा दर 1,07,800 भागिले 1960, म्हणजे 55 रुपये. जुने 12,000 इथे अंशात घातलेस तर दर 61 च्या वर जातो. ते 12,000 थेट त्या 400 नगांच्या किमतीत जातात. भारित सरासरीत मात्र 1,19,800 भागिले 2200, साधारण 54.45.