विहिरींच्या नोंदी कुणाच्या?

प्रश्न: पीएचडीसाठी मला एका स्वयंसेवी संस्थेने ठेवलेल्या विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी वापरायच्या आहेत. तिथल्या एका कर्मचाऱ्याने एक्सेल फाइल दिली आणि "वापरा की" म्हणाला. गाइड मात्र लेखी परवानगी आणा म्हणतात. फाइलमध्ये शेतकऱ्यांची नावं, मोबाइल आणि गट नंबरही आहेत. पत्रात काय लिहू?

उत्तर: कर्मचाऱ्याच्या शब्दावर विसंबू नका. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या संकलनाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, संस्थेकडे असतो (कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७). पत्र सचिवांना किंवा विश्वस्तांना लिहा. या कामाला निधी देणाऱ्याची काही अट आहे का, हेही त्यातच विचारा.

मे महिन्यात पाणी किती खोल होतं, ही माहिती कुणाच्या मालकीची नसते. पण निवडून, विचारपूर्वक मांडलेल्या तक्त्याला कायद्याचं संरक्षण मिळू शकतं. कलम ५२ मधली संशोधनाची सवलत वैयक्तिक वापरासाठी आहे. प्रबंध प्रसिद्ध होणार असताना तिच्या भरवशावर राहू नका.

खरी मेख कलम १९ मध्ये आहे. परवानगीत मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतीच. तुमचा प्रबंध शोधगंगावर कायम राहणार, शोधनिबंध कदाचित परदेशी नियतकालिकात जाणार. म्हणून साधारण असं लिहा:

"सोबतच्या यादीतील गावांच्या पाणीपातळीच्या नोंदी पीएचडी प्रबंध व त्यावरील शोधनिबंधांसाठी वापरण्याची, आणि त्यावरून केलेले तक्ते व आलेख जगभर, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी प्रसिद्ध करण्याची विनामूल्य परवानगी द्यावी. मूळ फाइल कुणालाही देणार नाही. प्रत्येक तक्त्याखाली संस्थेचा उल्लेख आपण सांगाल त्या शब्दांत करीन. प्रसिद्धीपूर्वी मसुदा आपल्याला दाखवीन."

मसुदा दाखवणं म्हणजे निष्कर्षांना मंजुरी घेणं नव्हे, हे तिथेच एका वाक्यात लिहून टाका. नंतर वाद होतात ते यावरूनच. काही नियतकालिकं मूळ डेटा सार्वजनिक करायला सांगतात. तसं असेल तर गावनिहाय सरासरी देण्याची मुभा आत्ताच मागून घ्या.

नावं आणि मोबाइल काढलेली नवी फाइल मागा. गट नंबरही नको, कारण गाव आणि गट नंबर हाती असला की ऑनलाइन सातबाऱ्यावरून खातेदाराचं नाव निघतं. त्याऐवजी संस्थेने प्रत्येक विहिरीला सांकेतिक क्रमांक द्यावा आणि जुळणीची यादी स्वतःकडे ठेवावी. आत्ता हाती असलेली फाइल, पाठवलेल्या प्रतींसह, पुसून टाका आणि तसं पत्रात कळवा.

परवानगी लेखीच हवी. सही-शिक्क्याचं पत्र उत्तम, पण अधिकाऱ्याच्या ईमेलवरून आलेला स्पष्ट होकारही उपयोगी पडतो. उत्तरच आलं नाही तर मौनाला संमती समजू नका. तोवर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात तुमच्या तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींसाठी अर्ज करून ठेवा.