डिप्लोमानंतर यूकेत थेट दुसऱ्या वर्षाला: खरा प्रश्न गणिताचा आणि सिलॅबसच्या फाईलचा

प्रश्न: दहावीनंतर एमएसबीटीईचा मेकॅनिकल डिप्लोमा करतोय, पाचव्या सेमपर्यंत ७८%. बारावी केलेली नाही. यूकेत इंजिनीअरिंगच्या पदवीच्या सेकंड इयरला थेट ॲडमिशन मिळते का? कन्सल्टंट म्हणतात शंभर टक्के मिळते, कॉलेजचे सर म्हणतात पहिल्यापासूनच करावं लागेल. कुणाचं खरं?

उत्तर:

दोघांचंही अर्धं खरं आहे. मी स्वतः डिप्लोमा करून याच वाटेने गेलो आणि गेली काही वर्षं अशा मुलांच्या फाईली बघतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या डीएसईची सवय आधी डोक्यातून काढा. इथे डिप्लोमावाल्यांसाठी जागा असतात, कॅप राउंड असतो, मेरिट लागलं की सेकंड इयर पक्कं. तिकडे तसा कोटा नाही. त्या विभागातला कुणीतरी प्राध्यापक तुमचा डिप्लोमा त्यांच्या पहिल्या वर्षाच्या विषयांशेजारी ठेवतो आणि जुळतो का ते बघतो. म्हणूनच एकाच मार्कशीटवर एक युनिव्हर्सिटी सेकंड इयर देते, दुसरी फर्स्ट इयर.

इंग्लंडमधली ऑनर्स पदवी तीन वर्षांची, ३६० क्रेडिटची. दर वर्षी १२० क्रेडिट. पहिलं वर्ष लेव्हल ४, दुसरं लेव्हल ५, तिसरं लेव्हल ६. सेकंड इयरला जायचं तर लेव्हल ४ चे १२० क्रेडिट तुम्ही आधीच कमावल्यासारखे आहेत, हे त्यांना पटावं लागतं. इथे मुलं हमखास एक चूक करतात. “मी सहा सेमिस्टर शिकलोय, म्हणजे एका वर्षाहून जास्तच झालं,” असं लिहितात. तास कुणी मोजत नाही, पातळी बघतात. दहावीनंतरच्या डिप्लोमाची पहिली दोन सेमिस्टर त्यांच्या नजरेत साधारण अकरावी-बारावीच्या जागी बसतात. म्हणून जुळणीसाठी खरी कामाला येतात ती तिसऱ्या सेमपासून पुढची.

आणि अडतं कुठे? बहुतेक वेळा गणितात. वर्कशॉप, ड्रॉइंग, कॅड, मटेरियल्स यांत आपला डिप्लोमा त्यांच्या पहिल्या वर्षापेक्षा भक्कम असतो. पण गणित आपण पहिल्या दोन सेममध्ये संपवतो आणि डिफरन्शिअल इक्वेशन्स पहिल्या ऑर्डरलाच थांबतात. तिकडे पहिल्या वर्षातच दुसऱ्या ऑर्डरची समीकरणं, पार्शल डिफरन्सिएशन, कॉम्प्लेक्स नंबर्स होतात. मग सेकंड इयरच्या डायनॅमिक्समध्ये फळ्यावर हे येतं:

```
m x'' + c x' + k x = 0
```

आणि ते कसं सोडवायचं हे शिकवत कुणी बसत नाही, ते येतंच असं धरून पुढे जातात. प्रवेश देणारा प्राध्यापक घाबरतो तो याच ठिकाणी, आणि त्याची भीती रास्त आहे.

एक उदाहरण सांगतो. सरकारी पॉलिटेक्निकची एक मुलगी, मेकॅनिकल, ८१%. तिने सुरुवातीला फक्त मार्कशीट पाठवल्या. उत्तर आलं: फर्स्ट इयर. मार्कशीटवर “थर्मल इंजिनीअरिंग” एवढं नाव वाचून समोरच्याला आत काय शिकवलं ते कळणार कसं? मग आम्ही त्या कोर्सच्या पहिल्या वर्षाचे सहा मॉड्यूल त्यांच्या साइटवरून काढले, प्रत्येक २० क्रेडिटचं. डाव्या रकान्यात त्यांचं मॉड्यूल आणि त्यातले घटक, उजव्या रकान्यात आपला विषय, सेमिस्टर, तास, मार्क आणि सिलॅबसचं पान. मेकॅनिक्ससमोर इंजिनीअरिंग मेकॅनिक्स आणि स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स, थर्मोफ्लुइड्ससमोर थर्मल आणि फ्लुइड मेकॅनिक्स. असे पाच मॉड्यूल नीट बसले. सहावं गणिताचं. तिथे आम्ही झाकलं नाही, कोणते घटक झालेले नाहीत ते सरळ लिहिलं आणि ते ती ऑगस्टपर्यंत करेल असं कळवलं. या वेळी सेकंड इयरची ऑफर आली, ऑगस्टमध्ये गणिताची ऑनलाइन चाचणी पास होण्याच्या अटीवर. तीन महिने तिने इथल्या इंजिनीअरिंगच्या एम-वन, एम-टूच्या पुस्तकांवर बैठक मारली आणि चाचणी काढली.

सिलॅबस जोडताना आपली स्कीम तपासा. तुम्ही ज्या स्कीममध्ये शिकलात त्याचाच अभ्यासक्रम हवा. आय स्कीमच्या मुलाने के स्कीमची फाईल जोडली तर विषयांचे कोड मार्कशीटशी जुळत नाहीत आणि सगळ्या कागदांवरच संशय येतो. कुणी बारावी किंवा आयटीआय करून डिप्लोमाच्या सेकंड इयरला आलं असेल, तर पहिल्या दोन सेमच्या मार्कशीट नसतात. ते आधीच एका ओळीत समजावून लिहावं.

यूकेच्या युनिव्हर्सिटींचे अर्ज यूकॅस या सामाईक पोर्टलवरून जातात. त्या अर्जात `Point of entry` हा रकाना असतो. रिकामा ठेवला की अर्ज फर्स्ट इयरचा धरतात, सेकंड इयरसाठी तिथे 2 टाकायचा. “तिकडे गेल्यावर बघू, क्रेडिट नंतर मिळतील,” असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. माझ्या बॅचच्या एकाला त्याच्या कन्सल्टंटने हेच सांगितलं होतं. युनिव्हर्सिटी व्हिसासाठी जो कॅस देते, त्यातल्या कोर्सच्या तारखांवर व्हिसा मिळतो. दोन वर्षांचा व्हिसा घेऊन गेलात आणि तिथे फर्स्ट इयरला बसवलं, तर तारखा पुरत नाहीत. नवा कॅस, नवा अर्ज, नवा खर्च. वर्ष कोणतं ते ऑफर लेटरवर आणि कॅसवर दोन्हीकडे वाचा.

एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. तिकडे फर्स्ट इयरचे मार्क सहसा अंतिम श्रेणीत धरत नाहीत. नवी पद्धत, रिपोर्ट लिहिणं, लॅबचं वळण, हे सगळं शिकायला त्या मुलांना एक बिनधोक वर्ष मिळतं. तुम्हाला ते मिळत नाही. पहिल्या असाइनमेंटपासून मार्क पदवीत मोजले जातात. डिप्लोमाची टक्केवारी त्यात कुठेच येत नाही. माझं पहिलं सेमिस्टर रिपोर्ट कसा लिहायचा हे कळण्यातच गेलं आणि ते शेवटच्या निकालात दिसलं. एका वर्षाची फी वाचते हे खरं, पण गणित कच्चं असेल तर मी फर्स्ट इयरच घ्या म्हणेन.

इंग्रजीचं: बारावीच्या इंग्रजीच्या मार्कांवर आयईएलटीएस माफ करणाऱ्या युनिव्हर्सिटी बऱ्याच आहेत, पण तुम्हाला बारावीच नाही. परीक्षा द्यायची हे धरूनच चाला.

स्कॉटलंडचा विचार जरूर करा. तिथली ऑनर्स पदवी चार वर्षांची आणि पहिलं वर्ष पातळीने हलकं. तिथे सेकंड इयर मागणं म्हणजे साधारण इंग्लंडचं फर्स्ट इयर मागण्यासारखं, त्यामुळे डिप्लोमावर ते मिळणं सोपं जातं. वाचलेलं वर्ष कागदावर दिसतं, पण एकूण काळ तीन वर्षंच राहतो.

परत येऊन सरकारी नोकरी किंवा एमटेक करायचं असेल, तर यूजीसीचे २०२५ चे परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नियम निघण्याआधी वाचा. तिकडचे प्रवेशाचे निकष इथल्या तशाच अभ्यासक्रमासारखे असावेत, अशी त्यात एक अट आहे. म्हणून डिप्लोमावर कोणत्या वर्षाला आणि का घेतलं, हे सांगणारं युनिव्हर्सिटीचं पत्र जपून ठेवा.

तुमचा पाचव्या सेमचा निकाल हातात आहे, म्हणजे जुळणीचा तक्ता आत्ताच बनवता येईल. यूकॅस भरण्याआधी तो त्या कोर्सच्या ॲडमिशन्स ट्यूटरला मेल करा आणि एवढंच विचारा: यातलं कोणतं मॉड्यूल जुळत नाही? तक्ता झाला की इथे टाका, गणिताचा रकाना मी बघून देतो.