ओल्या दुपट्ट्यातली बाटली

प्रश्न: मुलगा आठवीत आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी वेगळी प्रोजेक्ट आयडिया कुठे मिळेल? बाजारात तयार मॉडेल मिळतात, ती घ्यावी का?

तयार मॉडेल घेऊ नका. आयडिया कुठे मिळेल ते मला सांगता येणार नाही, पण आमच्या पोराला कुठे मिळाली ते सांगतो.

मी नागपुरात कूलरचं काम करतो, बावीस वर्षं झाली. मे महिन्यात साळ्याच्या लग्नाला निघालो होतो. दुपारी दीडची गाडी, स्टेशनवर गेल्यावर कळलं की तीन तास लेट. पंख्याखाली जागा नव्हती, म्हणून जिन्याखालच्या सावलीत बॅगांवर बसलो. घरून निघताना भरलेली पाण्याची बाटली बॅगेत होती. तासाभराने पोराने तोंडाला लावली आणि थुंकून टाकलं, इतकं कढत झालं होतं.

शेजारी एक म्हातारी बसली होती. तिचीही तशीच प्लास्टिकची बाटली, पण ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून जिन्याच्या लोखंडी दांडीला टांगलेली. मधूनमधून ती ओंजळभर पाणी दुपट्ट्यावर शिंपडायची. तिने पोराला प्यायला दिलं. पाणी चक्क गार होतं. पोराने आपलाही रुमाल भिजवून बाटलीला गुंडाळला आणि बाटली परत बॅगेत ठेवली. म्हातारी म्हणाली, “बॅगेत काय ठेवून राहिला बाबू? वाऱ्यावर टांग ना.”

गाडी येईपर्यंत पोरगा तेच करत बसला. रुमाल कुठे आधी वाळतो ते बोट लावून पाहायचा. वाऱ्याची बाजू आधी वाळायची आणि बाटलीही त्याच बाजूने आधी गार लागायची. मला विचारलं, “बाबा, हिचं पाणी गार होतच गेलं तर बर्फ होईल का?” मी म्हटलं नाही होणार, एका जागी थांबेल. “कुठे थांबेल?” तोच त्याचा प्रोजेक्ट झाला.

उत्तर मला धंद्यामुळे माहीत होतं. पाणी उडताना आसपासची उष्णता घेऊन जातं. कोरड्या हवेत ते भराभर उडतं, दमट हवेत रेंगाळतं. म्हणून त्या दिवशीच्या हवेत पाणी किती गार होऊ शकतं याला एक तळ असतो. थर्मामीटरच्या खालच्या फुग्याला ओली वात गुंडाळून वारा दिला की तो जिथे थांबतो, तो आकडा म्हणजे तो तळ. ओल्या फुग्याचं तापमान म्हणतात त्याला. कूलर काय, माठ काय, त्याच्या खाली कोणीच जात नाही.

लग्नाहून आल्यावर प्रयोगशाळेत असतात तसे लाल रंगाचे दोन थर्मामीटर आणले. तापाचा चालत नाही. एकाला समईची कापसाची वात गुंडाळली, तिचं टोक वाटीतल्या पाण्यात सोडलं. मग लिटरभराच्या एकसारख्या चार बाटल्या घेतल्या. एक उघडी, एक कोरड्या फडक्यात, एक ओल्या फडक्यात गॅलरीच्या वाऱ्यावर, आणि चौथी ओल्याच फडक्यात पण बंद कपाटात. सगळ्यांत पाणी 34 अंशांचं.

दुपारी सावलीत कोरडा थर्मामीटर 43 दाखवत होता, ओला 23. तीन तासांनी उघड्या बाटलीतलं पाणी 41 झालं. कोरड्या फडक्यातलं 39. वाऱ्यावरच्या ओल्या फडक्यातलं 26. कपाटातल्या बाटलीचं फडकं शेवटपर्यंत ओलंच राहिलं आणि पाणी जेमतेम 32 वर आलं. म्हातारीची गोष्ट वहीत आकड्यांनी उतरली.

त्याने अजून एक गोष्ट केली, तिचा मला जास्त अभिमान आहे. फडक्यावर शिंपडलेलं पाणी त्याने स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून घेतलं होतं. तीन तासांत 110 ग्रॅम उडालं. पुस्तकातून हिशेब केला तर एक लिटर पाणी आठ अंशांनी गार करायला 14 ग्रॅमच उडायला हवं. मग बाकीचं कुठे गेलं? दोन दिवस वही घेऊन बसला. शेवटी त्याच्या लक्षात आलं की हवेतून बाटलीत सारखी उष्णता येतच असते, बाकीचं पाणी ती परतवण्यातच खर्ची पडलं. माझी कितीतरी गिऱ्हाइकं हे समजून न घेता कूलरच्या टाकीला भोक आहे म्हणून भांडायला येतात.

एकदा ओला थर्मामीटर एकदम 36 दाखवायला लागला. पाहतो तर वाटी कोरडी पडली होती. ओल्याचा आकडा कोरड्याकडे सरकायला लागला की आधी वात बघायची. आमच्या बोअरच्या पाण्याने वातीवर पांढरा खार धरतो आणि ती पाणी ओढत नाही. मग बॅटरीत टाकायचं पाणी वापरलं, खार थांबला.

आता दुखरी बाजू. प्रदर्शन ऑगस्टमध्ये. पावसाची झड लागलेली. शाळेत मांडणी केली, पाणी 30 वर होतं, दोन तासांनी 28 झालं. तपासायला आलेले सर म्हणाले, “प्रयोग फसला. आणि मॉडेल कुठे आहे?” बाजूच्या टेबलावर विकत आणलेला ज्वालामुखी होता, त्याला नंबर मिळाला.

पण सर, प्रयोग फसला नव्हता. त्या दिवशी कोरडा थर्मामीटर 30 आणि ओला 27 दाखवत होता. मे महिन्यात बाटली ओल्याच्या तीन अंश वर थांबली, ऑगस्टमध्ये एक अंश वर. दोन्ही वेळा ती तळापर्यंत जवळजवळ पोचली होती, तळच वर आला होता. वहीत दोन्ही दिवसांचे आकडे शेजारी शेजारी लिहिलेले होते. सरांनी वही उघडलीच नाही. पोरगा सांगत होता तेव्हा ते पुढच्या टेबलाकडे निघाले होते.

याच कारणाने पावसाळ्यात कूलर काम करत नाही. कूलरची चांगली ओली ताटी कोरड्या आणि ओल्या आकड्यांमधल्या फरकातला साधारण 80 टक्के फरक काढते. मेमध्ये फरक 20, म्हणजे हवा 16 अंशांनी उतरून 27 वर येते. ऑगस्टमध्ये फरक 3, म्हणजे अडीच अंशही उतरत नाही. मशीन तीच, ताटी तीच. आणि खिडकी बंद करून कूलर लावला तर तासाभरात खोलीतच ऑगस्ट होतो. हे मी गिऱ्हाइकाला बावीस वर्षं सांगत आलो, पण आकड्यांत मांडून दाखवलं ते तेरा वर्षांच्या पोराने. हे विज्ञान नसेल, तर सोडा आणि व्हिनेगर ओतून फेस काढणं विज्ञान कसं, ते मला त्या सरांकडून ऐकायचं आहे.

तुमच्या मुलाला हाच प्रयोग करायचा असेल तर खुशाल करू द्या, पण एक लक्षात घ्या. मुंबईत किंवा कोकणात असाल तर मेमध्येही एवढा उतार दिसणार नाही. तिथे महिनोन्महिने फक्त ओल्या-कोरड्याचा फरक लिहीत गेला तरी पुरे. उन्हात ठेवू नका, थर्मामीटर हवेऐवजी ऊन मोजतो. पाऱ्याचा थर्मामीटर घेऊ नका, फुटला तर पंचाईत होते. आणि दोन्ही थर्मामीटर आधी एकाच पेल्यात बुडवून पाहा. आमच्या दोघांत एका अंशाचा फरक निघाला होता, तो पोराने पहिल्याच पानावर लिहून ठेवला आणि पुढे जास्त दाखवणाऱ्याच्या प्रत्येक आकड्यातून वजा केला.