मनगटात दबलेली नस आलेखात कशी ओळखावी?

प्रश्न: माझे वडील ठाण्यात नौपाड्याला शिवणकाम करतात. उजव्या हाताला मुंग्या येतात. नसांच्या वेगाच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये मीडियन लेटन्सी ५.६, अल्नर २.८, ॲम्प्लिट्यूड ९ आणि कोपर ते मनगट वेग ५४ लिहिला आहे. नस निकामी झाली आहे का?

उत्तर: या आकड्यांवरून तसे दिसत नाही. मनगटापाशी विजेचा सौम्य झटका दिल्यावर अंगठ्याच्या स्नायूत लाट उमटेपर्यंत जो वेळ लागतो ती लेटन्सी होय. मनगटाच्या बोगद्यातून अंगठ्याकडे जाणाऱ्या मीडियन नसेसाठी ती साधारणपणे ४.४ मिलिसेकंदांच्या आत असते. येथे लाट उशिरा आली आहे, पण तिची उंची, म्हणजेच ॲम्प्लिट्यूड, ९ मिलिव्होल्ट असल्यामुळे चांगली आहे. त्यामुळे नसेचे आवरण दबले असले तरी आतले तंतू बहुतांशी शाबूत असावेत. कोपर ते मनगट वेग ठीक असल्यामुळे अडथळा मनगटाच्या बोगद्यातच आहे, आणि शेजारून करंगळीकडे जाणारी अल्नर नस व्यवस्थित असल्यामुळे मधुमेहात होतो तसा सर्व नसांचा विकार किंवा गार हातामुळे आलेला दिशाभूल करणारा उशीर संभवत नाही.

मानेतील नसेचा दाब मात्र एवढ्यावरून नाकारता येत नाही. मानदुखी असल्यास डॉक्टर स्नायूत बारीक सुई घालून करायची तपासणी सुचवतील. तूर्तास रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधावा आणि जाड कापड सलग कात्रीने कापणे टाळावे. अंगठ्याखालचा उंचवटा सपाट होऊ लागला किंवा सुई चिमटीतून निसटू लागली, तर हाताच्या शल्यविशारदांना लवकर दाखवावे.