दहा मिनिटांची सुट्टी

एका वाचकाचं पत्र आलं आहे. त्यांची पत्नी गेले दोन महिने हौशी नाटकाच्या तालमींना जाते. तालीम नऊला संपते, ती घरी पावणेअकराला पोचते. सहकलाकाराशी बोलत बसले होते, असं आपणहून सांगते, लपवत काही नाही. "मग मला त्रास का होतोय? आणि विचारलं तर संशय घेतल्यासारखं होईल का?" असं ते विचारतात.

उत्तर द्यायच्या आधी मला एक गोष्ट सांगायची आहे. ज्या दोघांची ती आहे, त्यांना विचारूनच सांगते आहे. नावं बदलली आहेत.

परदेशातल्या आमच्या हौशी मराठी नाट्यगटात मी प्रॉम्प्टिंग करते, म्हणजे संहितेची वही घेऊन विंगेत बसते आणि नट अडला की शब्द पुरवते. आठवड्यातून दोनदा तालीम, शनिवारी तीन तास आणि मधल्या एका संध्याकाळी दोन तास, असे बारा आठवडे. नाटक गटातल्याच एकानं लिहिलेलं होतं. लग्नाला वीस वर्षं झालेलं जोडपं घर रिकामं करतं आहे आणि सामान बांधता बांधता त्यांच्या लक्षात येतं, की आपण एकमेकांशी बोलणं कधीच सोडून दिलंय. बायकोच्या भूमिकेत नंदिता, नवऱ्याच्या भूमिकेत श्रीरंग. दोघांचेही संसार आपापल्या जागी नीट चाललेले, दोघांना मुलं.

दुसऱ्या अंकात एक चादर होती. दोघांनी तिची दोन-दोन टोकं धरून समोरासमोर उभं राहायचं. आधी लांबीला घडी. मग चार पावलं एकमेकांकडे यायचं, त्यानं आपली टोकं तिच्या हातात द्यायची आणि खाली वाकून लोंबणारी घडी उचलायची. टोकं हातात पडली की तिचं वाक्य, "अभ्रे राहू देत, ते मी नेते." त्या एवढ्याशा वाक्यात सगळं नाटक होतं, आणि तेच जमत नव्हतं. चादर आधी पोचायची किंवा वाक्य आधी निघायचं. म्हणून मधल्या दहा मिनिटांच्या सुट्टीत बाकीचे बाहेर गेले, की ही दोघं आतच थांबून घडी घालायचा सराव करायची.

एकदा अशीच घडी घालताना नंदिता थांबली आणि म्हणाली, "आईनंतर पहिल्यांदाच कुणीतरी चादरीचं दुसरं टोक धरलंय."

तिची आई गेली तेव्हा ती विमानात होती. पोचली तेव्हा सगळं उरकलेलं होतं. दोन वर्षांत हे ती घरी एकदाही नीट बोलली नव्हती. नवरा चांगला, समजूतदार, पण घरातलं मराठी हळूहळू आटून गेलेलं. मुलांशी इंग्रजी, आणि नवऱ्याशी मराठीत उरलेली वाक्यं म्हणजे आज कोण आणायला जाणार, बिल भरलं का, शनिवारी किती वाजता निघायचं. परदेशातल्या कितीतरी घरांत मी हे पाहते. नाटकात मात्र ती आठवड्याला पाच तास भरगच्च, भावनांनी ओथंबलेलं मराठी बोलत होती, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. कुलूप एकदा उघडलं, की संहितेतलं संपल्यावरही शब्द येत राहतात. श्रीरंगनं त्या दिवशी फक्त ऐकलं. चादर तशीच अर्धवट दोघांच्या हातात होती. मी विंगेत बसून पाहत होते आणि मला त्यात काडीचंही वावगं दिसलं नाही. आजही दिसत नाही.

दहा मिनिटांची वीस झाली. मग हॉल नऊला रिकामा करायचा असतो म्हणून बोलणं गाडीतळावर गेलं.

पुढच्या काही आठवड्यांत मला पहिला फरक जाणवला तो संवादांमध्ये. बोलणं विसरलेल्या जोडप्याच्या वाक्यांमध्ये गाळ साचल्यासारखे थांबे असतात. माझ्या वहीत मी ते पेन्सिलीनं उभ्या रेघेनं दाखवलेले असतात, म्हणजे नट गप्प असेल तेव्हा तो विसरलाय की मुद्दाम थांबलाय हे मला कळतं. त्या रेघा एकेक करून गळायला लागल्या. दोघं वाक्याला वाक्य भिडवून, अगदी सहज, जुन्या मित्रांसारखी बोलायला लागली. कानाला गोड, पण ते नाटकातलं जोडपं राहिलं नव्हतं. दिग्दर्शक म्हणाला, "तुमची ओळख ऐकू येतेय, त्यांची नाही."

दुसरी गोष्ट मला पुष्कळ नंतर कळली. श्रीरंगचा नोकरीचा करार पुढे वाढणार नव्हता. त्याचा तिथला राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला होता, म्हणजे नवी नोकरी ठरावीक मुदतीत मिळाली नाही तर सगळं कुटुंब हलवावं लागणार. हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं. बायको घाबरेल, मुलाची परीक्षा आहे, आधी दुसरीकडे काही जमतंय का पाहू, असं स्वतःला समजावत राहिला. नंदिताला सांगितलं. का सांगितलं, तर तिला सांगितल्यानं काहीच बदलणार नव्हतं. तिचं घर, तिच्या मुलाची शाळा यात पणाला लागलेली नव्हती. परक्याला सांगणं सोपं जातं ते म्हणूनच. आणि दर आठवड्याला तिच्याजवळ मन हलकं झालं, की घरी सांगायची निकड तेवढी कमी व्हायची. इथे या गप्पांनी नुकसान करायला सुरुवात केली. प्रेमात पडण्यासारखं तिथे काही घडलंच नव्हतं.

हे ओळखलं नंदितानं. पाचव्या आठवड्यात ती त्याला म्हणाली, "मी तुझ्या बायकोला गेल्या शनिवारी दुकानात भेटले. ती मला सुट्टीत कुठे जायचं ठरतंय ते सांगत होती, आणि मला माहीत होतं की तुम्ही कुठेच जाणार नाही. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. यापुढे या विषयावर मी ऐकणार नाही. आधी घरी सांग, मग माझ्याशी बोल." हे बोलायला केवढं धैर्य लागलं असेल. मैत्री तुटू शकली असती, आणि प्रयोग सात आठवड्यांवर होता.

श्रीरंग पुढच्या तालमीला आला नाही. त्यानं घरी सांगितलं होतं. नोकरी जाण्याचं दुःख बायकोनं एका रात्रीत पचवलं, पण "तिला आधी माहीत होतं" हे तिला पुढचे कित्येक दिवस पचलं नाही. तिनं नंदिताला फोन केला नाही, कार्यक्रमात समोर आली तर जेवढ्यास तेवढं बोलली. तिची बाजू मला पूर्ण पटते.

दिग्दर्शकानं मग तालमीत दोन साधे बदल केले. सुट्टी संपल्यावर दोघांनी दोन मिनिटं न बोलता रंगमंचावर चालायचं, एकमेकांकडे न बघता, आणि मगच प्रवेश सुरू करायचा. आणि तालीम संपली की चादर दोघांनीच नाटकाच्या सामानाच्या पेटीत ठेवायची, पेटी बंद करायची आणि एकमेकांना खऱ्या नावानं हाक मारून निरोप घ्यायचा. ऐकायला पोरकट वाटेल. पण तीन महिने दोन माणसं एकमेकांचा श्वास ओळखून, हात हातात देऊन नवरा-बायकोसारखी भांडत असतात. मनाला माहीत असतं की हे खोटं आहे, शरीराला ते दर वेळी सांगावं लागतं. जाणते नट भूमिकेतून बाहेर येण्याची काहीतरी खूण ठेवतात. हौशी गटात वेशभूषा रंगीत तालमीला आणि प्रयोगालाच अंगावर चढते आणि उतरते, म्हणून तालमीत ही खूण मुद्दाम ठेवावी लागते. ती नसली की भूमिका गाडीतळापर्यंत सोबत येते.

आता तुमच्याबद्दल. पत्नी किती वाजता येते हे मोजू नका, आणि तो सहकलाकार पुरुष आहे याच्यावरही अडू नका. एकच गोष्ट पाहायची: घराचा ज्याच्याशी थेट संबंध आहे असं काही, तुमच्याआधी त्याला कळतंय का? तिच्या आईची आठवण, नाटकातला एखादा प्रवेश, कामावरचा ताण हे तिनं कुणाशीही बोलावं, त्यात तुमचं काही हिरावलं जात नाही. पैसे, मुलं, तब्येत, परत जायचं की राहायचं हे जर तिकडे आधी पोचत असेल, तर ते सरळ बोलून टाका. "तू त्याच्याशी काय बोलतेस?" असं विचारू नका. त्यावर तिला बचावच करावा लागेल. "मला वाटतंय की तुझ्या मनातलं मला शेवटी कळतं, आणि ते मला लागतं," असं म्हणा. पत्रातल्या तुमच्या त्रासाचं नाव मला तरी हेच वाटतं. त्यात संशय नाही.

आणि एक काम मागून घ्या. तिचं पाठांतर तुम्ही घ्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी, अर्धा अर्धा तास, मुलं झोपल्यावर. संहिता तुमच्या हातात, समोरच्या पात्राची वाक्यं तुम्ही वाचायची. अभिनय करायचा नाही, सपाट पण स्पष्ट वाचायचं, कारण तुम्ही वाक्याला चाल लावलीत तर ती तिच्या कानात बसेल आणि तालमीत अडेल. ती थांबली तर लगेच शब्द पुरवू नका. मनात तीन मोजा. तरीही ती तुमच्याकडे बघायला लागली, तर फक्त पहिले दोन शब्द द्या. चूक झाली तर मध्येच तोडू नका, पेन्सिलीनं खूण करा आणि पान संपल्यावर दाखवा. प्रत्येक वेळी पहिल्या पानापासून सुरू करू नका, नाहीतर पहिला प्रवेश घोटून पक्का होतो आणि शेवटचा कच्चाच राहतो.

पहिल्या दोन-तीन वेळा फक्त पाठांतरच होईल. मग एखाद्या वाक्याला ती अडेल आणि ते वाक्य तिला माहीत असूनही तोंडातून येणार नाही. त्या वेळी वही खाली ठेवा आणि थांबा. मी हे तीन घरांत घडलेलं पाहिलं आहे, श्रीरंगच्या घरी सुद्धा. प्रयोगाच्या आधीच्या तीन आठवड्यांत वही त्याच्या बायकोच्या हातात होती. ती मला रंगीत तालमीच्या दिवशी म्हणाली, "त्या चादरीच्या प्रवेशात तो माझ्यासमोर सात वेळा अडला. आठव्यांदा मी वही मिटली आणि कपाटातून आमची चादर काढली."