८५ टक्क्यांत गणित कुठे आहे?

ताई, मला दहावीला ८५ टक्के मिळाले. मराठी ९४, सामाजिक शास्त्रे ९१, हिंदी ८८, इंग्रजी ८६, विज्ञान ६६, गणित ५८. मला वकील व्हायचंय, म्हणून आर्ट्स घ्यायचंय. बाबा म्हणतात, "एवढे टक्के पाडून आर्ट्स? सायन्स घे, सगळ्या वाटा खुल्या राहतात." आत्याच्या इंजिनिअर मुलाचा दाखला रोज ऐकते. अर्ज भरायची वेळ आलीये. काय करू?
– एक विद्यार्थिनी, कराड

बाळा, बाबांसमोर बसताना मार्कलिस्ट घेऊनच बस. तुझे ८५ टक्के 'बेस्ट ऑफ फाइव्ह'चे आहेत. सहा विषयांतले सर्वांत कमी गुणांचे गणित गळले, उरलेल्या पाचांची बेरीज ५०० पैकी ४२५ झाली. म्हणजे ज्या टक्क्यांवर बाबा सायन्स सुचवतायत, त्यांत गणित धरलेलंच नाही. सहाही विषय धरले तर साडेऐंशी होतात. हे भांडायला नाही, नुसतं दाखवायला सांग. बहुतेक घरांत टक्के पाठ असतात, मार्कलिस्ट कुणी नीट वाचत नाही.

बाबांचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेही मान्य कर. बारावी सायन्सनंतर वकिलीकडे वळता येतं. बारावी आर्ट्सनंतर इंजिनिअरिंगला जाता येत नाही, कारण तिथे बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं. ती वाट तू बंद करते आहेस, हे स्वतः कबूल कर. पण सायन्सला वाट नुसती खुली असून भागत नाही, तिथे सीईटीत गुणही पडावे लागतात. गणित सोडून बायोलॉजी घेता येतं, मात्र ते डॉक्टरकी, फार्मसी, शेतकी यांपैकी काही करायचं असेल तर.

ओढ खरी की गणिताची भीती, हेही तपास. अकरावीचं गणिताचं पुस्तक मिळव, त्रिकोणमितीचा धडा आठवडाभर रोज तासभर सोडव. अडलं तरी पुढे जावंसं वाटलं, तर बाबांचं पुन्हा ऐक. वही उघडतानाच पोटात गोळा येत असेल, तर तेही त्यांना सांग.

बाबांची खरी काळजी बहुधा 'आर्ट्स करून पोट कसं भरणार' ही असेल. म्हणून नुसतं 'बीए करीन' असं म्हणू नकोस. पुढची पायरीच सांग. बारावीनंतर पाच वर्षांचा एलएलबी आहे. त्याला कोणतीही शाखा चालते, खुल्या गटाला बारावीला ४५ टक्के आणि राज्याची लॉ सीईटी लागते. अकरावीला राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र मिळेल असं कॉलेज बघ; सगळीकडे तर्कशास्त्र नसतं. कराडातल्या एखाद्या वकीलबाईंना बाबांसोबतच जाऊन भेट. सुरुवातीची काही वर्षं कमाई बेताची असते, हे त्यांच्याच तोंडून ऐकू दे.

आणि हा वाद अर्जाआधी मिटव. ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. घरच्यांच्या समाधानासाठी म्हणून सायन्स पहिल्या क्रमांकावर टाकू नकोस.