कॅरममध्ये ब्रेक, राणीचे कव्हर आणि सुरक्षित फटका

प्रश्न: मी नुकतेच कॅरम शिकू लागलो आहे. नेम बरा आहे, तरी हरतो. ब्रेक कसा करावा, राणी कधी घ्यावी आणि अवघड फटका मारावा की साधा?

नेम बरा असूनही तुम्ही हरत असाल, तर दोष बहुधा फटक्यांच्या क्रमात असावा. कॅरममध्ये आपली सोंगटी गेली की डाव आपल्याकडेच राहतो आणि चुकली की समोरच्याकडे जातो. म्हणून प्रत्येक फटक्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: सोंगटी गेली तर मला पुढे काय मिळते, आणि नाही गेली तर समोरच्याला काय मिळते. मी चाळीच्या गच्चीवर कॅरम शिकले, तेव्हा पहिली दोन-तीन वर्षे मी यांतला फक्त पहिला विचार करत असे.

ब्रेकपासून सुरुवात करू. ब्रेक करणाऱ्याच्या सोंगट्या पांढऱ्या असतात. राणीभोवती 6 आणि त्यांच्याभोवती 12 सोंगट्या, पांढऱ्या-काळ्या आलटून पालटून, अशा मांडतात की आतबाहेरच्या पांढऱ्यांच्या जोड्यांची मिळून इंग्रजी वाय अक्षरासारखी आकृती दिसते. सोंगट्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असू द्या. मध्ये फट राहिली की फटक्याचा जोर तिथेच विरतो आणि सोंगट्या कशाही सरकतात. नवखा खेळाडू बहुतेक वेळा संपूर्ण जोर लावून गठ्ठ्याच्या बरोबर मध्यावर मारतो. आवाज छान येतो, सगळा बोर्ड पसरतो. पण एकही पांढरी गेली नाही, तर 9 काळ्या सोंगट्या मोकळ्या करून आपण समोरच्याच्या हवाली केलेल्या असतात. मी निम्म्या जोराने मारते आणि समोरच्या पांढऱ्या सोंगटीच्या मध्यापासून किंचित बाजूला नेम धरते, म्हणजे गठ्ठ्याची एक बाजू उघडते आणि दुसरी बरीचशी अडकलेली राहते. ब्रेक चांगला झाला की नाही, हे एखादी सोंगटी गेली का एवढ्यावरून ठरवू नका. उघड्यावर पांढऱ्या जास्त आल्या की काळ्या, ते मोजा.

आता राणी. येथे मी स्पर्धेचे नियम धरते. घरोघरी राणीचे गुण वेगळे धरतात, म्हणून खेळायला बसण्याआधीच ते ठरवून घ्यावे. स्पर्धेत राणीचे 3 गुण असतात आणि बोर्ड, म्हणजे खेळाची एक फेरी, जिंकणाऱ्याला त्याशिवाय समोरच्याच्या उरलेल्या प्रत्येक सोंगटीचा 1 गुण मिळतो. 25 गुण आधी करणारा, किंवा 8 बोर्डांनंतर पुढे असलेला, गेम जिंकतो. आपली किमान एक सोंगटी आधी गेलेली असेल तरच राणी घेता येते, आणि राणीनंतरच्या लगेचच्या फटक्यात आपली सोंगटी घालून तिला कव्हर द्यावे लागते. कव्हर चुकले की राणी परत मध्यभागी येते आणि डावही जातो. राणीचा निकाल लागायच्या आत स्वतःची शेवटची सोंगटी घातलीत, तर बोर्डच गमावता.

म्हणून राणीकडे पाहण्याआधी कव्हर कोणते, ते ठरवा. यात एक सोय आहे: प्रत्येक फटक्याला स्ट्रायकर पुन्हा आपल्या पट्टीवर येतो, त्यामुळे राणीचा फटका मारल्यावर तो कुठे थांबेल याची चिंता नसते. पट्टीवरून सरळ दिसणारी, पॉकेटच्या तोंडाशी असलेली एक सोंगटी राखून ठेवली आणि राणीच्या फटक्यात तिला धक्का लागू दिला नाही, की काम झाले.

माझाच एक बोर्ड सांगते. माझ्या तीन पांढऱ्या उरल्या होत्या: एक समोरच्या उजव्या पॉकेटच्या तोंडाशी, दुसरी मोठ्या वर्तुळाच्या कडेवर एका काळीला चिकटलेली, तिसरी डाव्या फ्रेमला टेकलेली. राणी समोरच्या डाव्या पॉकेटपासून जेमतेम वीतभर अंतरावर, अगदी मोकळी. समोरच्याच्या चार काळ्या होत्या आणि त्यांतली एक माझ्या उजव्या हाताच्या पॉकेटशी, म्हणजे त्याच्या दृष्टीने सरळ समोर होती. मी आधी तोंडाशी असलेली पांढरी घातली, कारण ती सोपी होती. मग राणीही गेली. कव्हरसाठी मात्र फ्रेमला टेकलेली सोंगटी तेवढी उरली होती आणि ती पॉकेटच्या कोपऱ्याला लागून परत आली. राणी मध्यभागी आली, त्याने ती सरळ घातली, उजवीकडच्या काळीने कव्हर दिले आणि उरलेल्या तिन्ही संपवल्या. माझ्या 2 सोंगट्यांचे 2 आणि राणीचे 3, असे 5 गुण त्याला मिळाले.

क्रम उलटा हवा होता. आधी राणी, मग तोंडाशी असलेल्या पांढरीचे कव्हर. फटके तेच, फक्त जागा बदललेल्या. पण राणीचे 3 गुण त्याच्या हातून कायमचे गेले असते, पुढे मी चुकले असते तरी त्याला 2 च मिळाले असते, आणि बोर्ड माझा झाला असता तर मला त्याच्या उरलेल्या सोंगट्यांसह 7 पर्यंत गुण मिळाले असते. सोपी सोंगटी कुठे पळून जात नाही. तिला हात लावायची घाई आपल्यालाच असते.

सुरक्षित फटक्याचा अर्थही यातूनच निघतो. फ्रेमवर आपटवून घ्यायचा किंवा फार तिरक्या कटचा फटका चुकला, तर सोंगटी बोर्डभर फिरते आणि वाटेत समोरच्याच्या सोंगट्या मोकळ्या करते. तीच सोंगटी हळू मारून पॉकेटच्या तोंडाशी नेऊन ठेवली, तर पुढच्या डावात ती आपल्याला सोपी असते आणि तोवर ते पॉकेट समोरच्यासाठी बंद होते. त्याने तिकडे मारले आणि आपली सोंगटी आत गेली, तर ती आपल्याच खात्यात जमा होते. सोंगटी काळीला चिकटलेली असेल, तर काळी पॉकेटकडे सरकेल अशा बाजूने मात्र तिला मारू नका.

तोंडाशी असलेल्या सोंगटीला जोरात सरळ मारणे, ही नवख्यांची दुसरी मोठी चूक. स्पर्धेतला स्ट्रायकर जास्तीत जास्त 15 ग्रॅमचा असतो आणि सोंगटी साधारण 5 ग्रॅमची. तिप्पट जड असल्यामुळे स्ट्रायकर धडकेनंतर थांबत नाही. जवळजवळ निम्म्या वेगाने त्याच रेषेत पुढे जातो आणि सोंगटीच्या मागोमाग पॉकेटमध्ये पडतो. मग घातलेली सोंगटीही बाहेर येते आणि दंडाची वेगळी द्यावी लागते. हळू मारा, किंवा किंचित बाजूला मारा म्हणजे स्ट्रायकर दुसरीकडे वळेल. बोर्डवर पावडर ताजी असेल तेव्हा जोर आणखी कमी लागतो.

ही सावधगिरी एका प्रसंगी मात्र सोडावी लागते. राणीचा निकाल लागलेला आहे, समोरच्याची एकच सोंगटी उरली आहे आणि ती त्याला सरळ मिळणार आहे, असे दिसले तर आपली सोंगटी तोंडाशी नेऊन ठेवण्यात काही हशील नाही, कारण पुढचा डाव येणारच नाही. तेव्हा त्याची सोंगटी अडवता येते का ते पाहावे, आणि येत नसेल तर अवघड कट खुशाल मारावा.